आकडा रक्तातला आणि आकडा नळीतला

प्लेटलेट्सची संख्या कमी आल्याचा अहवाल हातात पडतो तेव्हा त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. पहिला अर्थ म्हणजे प्लेटलेट्स खरोखरच कमी आहेत. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट्सना परके समजून नष्ट करू लागली, की असे होते. या आजाराला इम्यून थ्रोम्बोसायटोपेनिया, थोडक्यात आयटीपी म्हणतात. दुसरा अर्थ असा, की शरीरात प्लेटलेट्स पुरेशा आहेत, पण रक्त नळीत उतरल्यावर त्या एकमेकींना चिकटल्या आणि मोजणाऱ्या यंत्राला दिसल्याच नाहीत. याला छद्म थ्रोम्बोसायटोपेनिया म्हणतात. पहिल्या प्रकारात उपचार लागू शकतात आणि क्वचित जिवावरही बेतते. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला काहीही झालेले नसते. अहवालावरचा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच दिसतो, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. त्या बोन मॅरोमधल्या मोठ्या पेशींपासून तुटून तयार होतात, आठ-दहा दिवस रक्तात फिरतात आणि मग प्लीहेत व यकृतात त्यांची विल्हेवाट लागते. कुठे जखम झाली, तर रक्तवाहिनीच्या फाटलेल्या जागी चिकटून पहिला बांध घालण्याचे काम त्यांचे. दीड लाखाच्या खाली आकडा गेला म्हणून लगेच रक्त वाहू लागत नाही. आयटीपीचा विचार एक लाखाच्या खाली सुरू होतो आणि आपोआप रक्तस्राव होण्याचा खरा धोका वीस-तीस हजारांच्याही खाली वाढत जातो. आकडा आणि त्रास यांचे हे नाते पक्के लक्षात ठेवावे, कारण खरी कमतरता आणि खोटी कमतरता ओळखण्याचा पहिला धागा तिथेच सापडतो.

आयटीपीत नेमके काय घडते, हे १९५० साली एका अचाट प्रयोगातून पुढे आले. अमेरिकेत सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरने या आजाराच्या एका रुग्ण स्त्रीचे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शरीरात चढवून घेतले. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स जवळजवळ नाहीशा झाल्या, त्याला झटकाही आला आणि आकडा पूर्ववत व्हायला काही दिवस लागले. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने असला प्रयोग क्षणभरही चालू दिला नसता. पण त्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. प्लेटलेट्सचा घात करणारा घटक रुग्णाच्या रक्तद्रवात असतो आणि तो दुसऱ्याच्या प्लेटलेट्सचाही घात करतो. हा घटक म्हणजे प्रतिपिंडे, हे पुढे स्पष्ट झाले. ती प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना, बहुधा ग्लायकोप्रोटीन टूबी-थ्रीए या जोडीला, चिकटतात. अशी खूण लागलेली प्लेटलेट प्लीहेतून जाताना तिथल्या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. शिवाय हीच प्रतिपिंडे बोन मॅरोतल्या निर्मितीलाही खीळ घालतात, म्हणून खर्च वाढतो आणि आवक घटते.

खरी कमतरता झालेला माणूस बहुतेक वेळा काहीतरी तक्रार घेऊन येतो. पायांच्या नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लालसर-जांभळे ठिपके उठतात आणि बोटाने दाबले तरी ते फिके पडत नाहीत. फारसे कुठे न आपटता काळेनिळे डाग पडतात, घोळणा फुटतो, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, पाळीत अंगावरून फार जाते. मुलांमध्ये हा आजार पुष्कळदा सर्दी-तापासारख्या विषाणूजन्य दुखण्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी अचानक उद्भवतो आणि बहुसंख्य मुलांत काही महिन्यांत आपोआप ओसरतो. मोठ्या माणसांत तो चिवट असतो. तरीही काही रुग्णांना कसलाच त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत कमी आकडा सापडतो. छद्म कमतरता असलेले लोकही नेमके असेच सापडतात, म्हणून गफलत मुख्यतः या गटात होते.

गोंधळाचे मूळ जांभळ्या झाकणाच्या त्या छोट्या नळीत आहे. सीबीसीसाठी घेतलेले रक्त याच नळीत जाते आणि तिच्या आतल्या भिंतीवर ईडीटीए नावाचे रसायन लावलेले असते. रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम लागते. ईडीटीए कॅल्शियमला घट्ट पकडून ठेवते, त्यामुळे नळीतले रक्त तासन् तास पातळ राहते आणि पेशींचा आकारही बऱ्यापैकी टिकतो. म्हणून जगभर सीबीसीसाठी हीच नळी वापरतात आणि हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव लोकांसाठी ती उत्तम काम करते.

उरलेल्या एकाच्या बाबतीत वेगळेच घडते. टूबी आणि थ्रीए ही दोन प्रथिने प्लेटलेटवर कॅल्शियमच्या आधाराने एकमेकांना धरून असतात. ईडीटीएने कॅल्शियम काढून घेतले, की ही जोडी सैल होते, तिची घडण बदलते आणि एरवी आत दडलेला तिचा भाग उघडा पडतो. काही लोकांच्या रक्तात या दडलेल्या भागाला ओळखणारी प्रतिपिंडे असतात. शरीरात कॅल्शियम कायम असल्याने तो भाग उघडा पडत नाही आणि ही प्रतिपिंडे आयुष्यभर बिनकामाची फिरत राहतात. नळीत मात्र त्यांना चिकटायला जागा मिळते आणि प्लेटलेट्सचे पुंजके बनू लागतात. ग्लान्झमान थ्रोम्बॅस्थेनिया या दुर्मीळ जन्मजात आजारात प्लेटलेट्सवर हे प्रथिनच नसते. असल्या प्लेटलेट्स या प्रतिपिंडांनी पुंजक्यात गोळा होत नाहीत, यावरून प्रतिपिंडांचे लक्ष्य कोणते हे कळले. ईडीटीएच्या उपस्थितीत रक्तद्रवातल्या एखाद्या घटकामुळे प्लेटलेट्स चिकटतात, हे निरीक्षण १९६९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आणि त्यानंतर अशा रुग्णांची वर्णने सतत येत राहिली.

या प्रक्रियेला वेळ लागतो आणि थंडावा मानवतो. रक्त काढल्यावर पहिल्या काही मिनिटांत पुंजके थोडेच असतात. तासाभरात ते वाढतात आणि तीन-चार तासांनी आकडा दशांशावरही येऊ शकतो. नमुना शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सियसला ठेवला, तर बऱ्याच जणांत पुंजके कमी होतात, कारण यातली बरीचशी प्रतिपिंडे खोलीच्या तापमानाला किंवा त्याहून थंडीत जास्त जोरात चिकटतात. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळी रक्त घेतले, ते दुचाकीवरून शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये गेले आणि दुपारी यंत्रात लागले, अशी आजची सर्रास पद्धत आहे. छद्म कमतरता दिसायला याहून सोयीची व्यवस्था शोधून सापडणार नाही.

यंत्राची चूक होते ती त्याच्या मोजण्याच्या रीतीमुळे. बहुतेक यंत्रे पेशींना एका बारीक छिद्रातून एकेक करून पुढे सरकवतात आणि प्रत्येक पेशी जाताना विजेच्या प्रवाहात किती अडथळा आला यावरून तिचा आकार ठरवतात. ठराविक मापाच्या आतले छोटे कण प्लेटलेट म्हणून धरले जातात आणि त्याहून मोठे कण दुसऱ्या खात्यात जमा होतात. राजगिऱ्याचे दाणे मोजायला बसलेल्या माणसापुढे राजगिऱ्याचा लाडू ठेवला, तर त्यातला एकही दाणा हिशेबात धरला जात नाही. इथेही तसेच होते. वीस-तीस प्लेटलेट्सचा पुंजका प्लेटलेट म्हणून मोजलाच जात नाही. उलट आकाराने तो छोट्या पांढऱ्या पेशीएवढा असला, तर काही यंत्रे त्याला पांढरी पेशी म्हणून मोजतात. म्हणजे एकाच अहवालात प्लेटलेट्स खोट्या कमी आणि पांढऱ्या पेशी खोट्या जास्त, असे दुहेरी चित्र उभे राहते. जाणत्या डोळ्याला ही जोडीच पहिला इशारा देते.

यंत्रही अगदी गप्प बसत नाही. प्लेटलेट्सच्या आकारांचा आलेख एरवी गुळगुळीत चढतो आणि उतरतो, पण पुंजके असले की त्याचे शेपूट करवतीच्या दातांसारखे होते किंवा उजव्या टोकाला वर उचललेले राहते. बहुतेक यंत्रे पुंजक्यांचा संशय आल्याची खूण पडद्यावर दाखवतात. मात्र ही खूण सर्व नमुन्यांत उमटत नाही. उमटली तरी दिवसाला शेकडो नमुने चालवणाऱ्या लॅबमध्ये तिच्याकडे काणाडोळा होऊ शकतो आणि छापील अहवालात तर ती पुष्कळदा येतच नाही.

म्हणून अनपेक्षित कमी आकड्याची पहिली तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली होते. त्याच नळीतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरवून, रंगवून पाहतात. पसरलेल्या थराच्या शेवटाला, जिथे तो पक्ष्याच्या पिसासारखा विरळ होत जातो, तिथे पुंजके ढकलले जाऊन साठतात. काचपट्टीचा फक्त मधला भाग पाहणाऱ्याला ते दिसणारच नाहीत, आणि मधल्या भागात सुट्या प्लेटलेट्स खरोखरच विरळ दिसतील. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट म्हणूनच आधी कडा पाहतो. पुंजके नसतील, तर तेलाच्या भिंगाखाली दहा क्षेत्रांतल्या प्लेटलेट्स मोजून सरासरी काढतात आणि तिला पंधरा ते वीस हजारांनी गुणतात. क्षेत्रामागे दहा प्लेटलेट्स दिसल्या, तर अंदाजे दीड ते दोन लाख. हा अंदाज ढोबळ असतो, पण यंत्र तीस हजार म्हणत असेल आणि काचेवर दीड लाखाचे चित्र असेल, तर कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायला तेवढे पुरते.

काचपट्टीची एक खुबी इथेच सांगायला हवी. बोटाला टोचून, कोणतेही रसायन न मिसळता, थेट पसरवलेल्या थेंबात प्लेटलेट्सचे थोडेफार पुंजके असणे साहजिकच असते, कारण त्या तिथे आपले गोठवण्याचे काम करत असतात. त्यामुळे अशा पट्टीवर पुंजके दिसले म्हणून ईडीटीएला दोष देता येत नाही. ती पट्टी फक्त एवढेच सांगते, की रक्तात प्लेटलेट्स भरपूर आहेत. ईडीटीएमुळे पुंजके होतात हे ठरवायला ईडीटीएच्याच नळीतल्या रक्ताची पट्टी लागते.

नमुन्यादाखल एक प्रसंग घेऊ. सत्तेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीच्या पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत प्लेटलेट्स ३१,००० आणि पांढऱ्या पेशी १२,४०० आल्या. हिमोग्लोबिन १२.६, म्हणजे ठीक. रक्त सकाळी आठला संकलन केंद्रावर घेतले होते आणि यंत्रात साडेअकराला लागले. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि घरात आयटीपी हा शब्द फिरू लागला.

इथे पहिला प्रश्न आकड्याचा नसून माणसाचा आहे. अंगावर ठिपके नाहीत, हिरड्या कोरड्या आहेत, पाळी नेहमीसारखी आहे. सहा महिन्यांपूर्वी दाढ काढली तेव्हा कापसाचा एक बोळा पुरला होता. तीन वर्षांपूर्वीच्या अहवालात प्लेटलेट्स २,४८,००० आहेत. तीस हजारांवर कुणाकुणाला त्रास होत नाही, त्यामुळे एवढ्यावरून आयटीपी बाद होत नाही, पण शंकेचा काटा नळीकडे झुकतो. जंतुसंसर्गाचे काही लक्षण नसताना पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, ही गोष्टही त्याच बाजूला बोट दाखवते.

मग त्या स्त्रीला थेट मुख्य लॅबमध्ये बोलावून एकाच वेळी दोन नळ्यांत रक्त घेतले. एक नेहमीची जांभळ्या झाकणाची, दुसरी निळ्या झाकणाची सोडियम सायट्रेटची. ईडीटीएच्या नळीतला आकडा पाच मिनिटांनी १,९६,००० आला, अर्ध्या तासाने १,१८,००० आणि दोन तासांनी ४२,०००. सायट्रेटच्या नळीतला आकडा लगेच २,०२,००० होता आणि दोन तासांनीही जवळजवळ तेवढाच. ईडीटीएच्या काचपट्टीवर कडेला प्लेटलेट्सचे मोठमोठे पुंजके दिसले, सायट्रेटच्या पट्टीवर सगळ्या प्लेटलेट्स सुट्या. एकाच शिरेतून एकाच वेळी काढलेल्या रक्तातला एक आकडा घड्याळाबरोबर घसरतो आणि दुसरा जागचा हलत नाही, एवढ्यावर निदान पक्के होते.

सायट्रेटच्या आकड्यात एक दुरुस्ती करावी लागते. ईडीटीए बहुधा नळीच्या भिंतीवर सुकवलेले असते, सायट्रेट मात्र द्रवरूपात असते. एका ठराविक नळीत ०.३ मिलिलिटर सायट्रेटवर २.७ मिलिलिटर रक्त घेतात, म्हणून रक्त एक दशांशाने पातळ होते. त्याची भरपाई म्हणून आलेला आकडा १.१ ने गुणतात. या स्त्रीच्या बाबतीत २,०२,००० गुणिले १.१ म्हणजे २,२२,२००. पांढऱ्या पेशीही याच नळीत ६,९०० मोजल्या गेल्या, दुरुस्तीनंतर ७,६०० च्या आसपास. म्हणजे १२,४०० मधल्या जवळपास पाच हजार ‘पांढऱ्या पेशी’ प्लेटलेट्सचे पुंजके होते. शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे करायला हरकत नव्हती. अहवालात एक ओळ तेवढी भरायची होती: ईडीटीए नमुन्यात प्लेटलेट्सचे पुंजके, सायट्रेट नमुन्यातील दुरुस्त संख्या सुमारे २,२२,०००.

सायट्रेटची चाचणी सोपी दिसते, पण तीही फसवू शकते. नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर सायट्रेटचे प्रमाण वाढते आणि १.१ चा गुणक अपुरा पडतो. ०.३ मिलिलिटर सायट्रेटवर फक्त १.८ मिलिलिटर रक्त आले, तर गुणक साधारण १.१७ व्हायला हवा. नळी खुणेपर्यंत भरलेली असली तरी सायट्रेटमधला दुरुस्त आकडा खऱ्या संख्येपेक्षा थोडा खालीच राहतो, म्हणून त्याला शेवटच्या हजारापर्यंत अचूक मानू नये. काही लोकांच्या प्लेटलेट्स सायट्रेटमध्येही चिकटतात, कारण सायट्रेटसुद्धा कॅल्शियमच बांधते, फक्त ईडीटीएइतके घट्ट नाही. अशा वेळी सायट्रेटचा आकडा सुधारला नाही म्हणून खरी कमतरता ठरवणे चूक असते. आधी सायट्रेटचीही काचपट्टी पाहायची. तिथेही पुंजके असतील, तर नमुना ३७ अंशांना ठेवून लगेच मोजणे, मॅग्नेशियम सल्फेटची खास नळी वापरणे, नमुन्यात अमिकासिन मिसळणे, किंवा बोटातले ताजे रक्त थेट अमोनियम ऑक्झलेटच्या द्रावणात घेऊन मोजपेटीवर सूक्ष्मदर्शकाखाली हाताने मोजणे, असे उपाय उरतात. शेवटचा उपाय जुना आणि वेळखाऊ आहे, पण मोठ्या यंत्रांच्या काळातही अडलेला गाडा कधी कधी तोच बाहेर काढतो.

खोट्या कमतरतेची आणखी दोन कारणे ईडीटीएशी संबंधित नाहीत, पण काचपट्टीवर त्यांची गल्लत होऊ शकते. शीर सापडायला वेळ लागला, सुई हलवून हलवून रक्त काढले, सिरिंजमध्ये ते रेंगाळले किंवा नळी सावकाश आठ-दहा वेळा उलटसुलट करून नीट मिसळली नाही, तर नळीत बारीक गुठळी होते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकतात. पट्टीवर फायब्रिनचे धागे दिसतात. यात रुग्णाच्या रक्ताचा दोष नसतो. ताजा नमुना नीट घेतला, की ईडीटीएमध्येही आकडा योग्य येतो. ईडीटीएच्या प्रतिपिंडांचे लोक मात्र कितीही कुशलतेने रक्त घेतले तरी दर वेळी तोच खोटा आकडा देतात. दुसरे कारण म्हणजे काही घराण्यांत जन्मतः प्लेटलेट्स मोठ्या आकाराच्या असतात. यंत्र त्यांतल्या मोठ्या प्लेटलेट्स तांबड्या पेशींच्या खात्यात टाकते. पश्चिम बंगाल आणि पूर्व भारतातल्या निरोगी रक्तदात्यांत अशी ठेवण बरीच आढळली आहे आणि तिला हॅरिस सिंड्रोम म्हणतात. अशा माणसांना आयटीपी समजून वर्षानुवर्षे औषधे देणे हीसुद्धा नामुष्कीचीच गोष्ट.

आता खरा आयटीपी कसा दिसतो, तेही याच नजरेने पाहू. तिशीतली एक तरुणी नडग्यांवर ठिपके आणि दोन दिवसांपासून हिरड्यांतून येणारे रक्त घेऊन आली. ईडीटीएमध्ये प्लेटलेट्स ९,०००. काचपट्टीच्या कडेला पुंजके नाहीत, मधल्या भागात दहा क्षेत्रे पाहून मोजक्याच प्लेटलेट्स दिसल्या, त्यातल्या काही नेहमीपेक्षा मोठ्या, कारण घाईने तयार झालेल्या ताज्या प्लेटलेट्स आकाराने मोठ्या असतात. सायट्रेटमध्ये ८,०००, दुरुस्तीनंतर ८,८००. दोन्ही नळ्या एकच गोष्ट सांगतात, म्हणजे आकडा रक्तातलाच आहे. त्याच पट्टीवर आणखी दोन गोष्टी पाहायच्या असतात. तांबड्या पेशींचे तुटके तुकडे दिसले, तर टीटीपी हा वेगळा आणि तातडीचा आजार असू शकतो. अपरिपक्व पांढऱ्या पेशी दिसल्या, तर रक्ताचा कर्करोग. या तरुणीच्या पट्टीवर दोन्ही नाही. प्लीहा वाढलेली नाही, ताप नाही, नवीन औषध सुरू झालेले नाही.

आयटीपी सिद्ध करणारी एकही चाचणी नाही, ही या आजाराची अडचणीची बाजू. इतर कारणे एकेक करून बाद करत गेल्यावर तो उरतो. म्हणून एचआयव्ही व हिपॅटायटिस सीची चाचणी करतात, औषधांची यादी बारकाईने विचारतात, ल्युपससारख्या आजाराची लक्षणे शोधतात. प्लेटलेट्सविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी मिळते, पण ती नकारात्मक आली तरी आजार असू शकतो, म्हणून निदानासाठी तिचा आग्रह धरत नाहीत. नेहमीच्या चित्रात बोन मॅरोचीही गरज नसते. बाद करायच्या कारणांच्या या यादीत नळीतले पुंजके अगदी वर असायला हवेत. ते बाद करायला एक काचपट्टी आणि एक सायट्रेटची नळी लागते. इतर सगळ्या चाचण्यांच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

आयटीपीचा उपचार प्रामुख्याने रक्तस्राव आणि आकडा दोन्ही पाहून ठरतो. मोठ्या माणसात आकडा तीस हजारांच्या वर असेल आणि रक्तस्राव नसेल किंवा किरकोळ असेल, तर सहसा नुसते लक्ष ठेवतात. त्याखाली प्रेडनिसोलोन किंवा चार दिवसांचा डेक्सामेथासोनचा ठोस डोस देतात. जोराचा रक्तस्राव असेल तर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. नुसत्या प्लेटलेट्स चढवून फारसा उपयोग होत नाही, कारण चढवलेल्या प्लेटलेट्सही प्लीहेत तशाच गिळल्या जातात. आजार चिवट निघाला, तर रिटुक्सिमॅब, प्लेटलेट्सची निर्मिती वाढवणारी एल्ट्रोम्बोपॅगसारखी औषधे आणि क्वचित प्लीहा काढून टाकणे असे पुढचे टप्पे आहेत.

चुकीच्या निदानाची किंमत इथे कळते. छद्म कमतरता असलेल्या माणसाला आयटीपी समजून स्टिरॉइड सुरू केले, तर ईडीटीएमधला आकडा वर येत नाही, कारण मुळात बरे करायला काही नसते. मग ‘औषधाला दाद देत नाही’ असा शिक्का बसतो आणि डॉक्टर पुढच्या, अधिक जालीम पायरीवर जातात. दरम्यान साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. पुंजके न ओळखल्यामुळे निष्कारण बोन मॅरोची तपासणी झालेले, प्लेटलेट्स चढवलेले, इतकेच नव्हे तर प्लीहा काढलेले रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. औषधाला अजिबात दाद न देणाऱ्या आयटीपीत निदानच पुन्हा तपासून पाहावे आणि सुरुवात काचपट्टीपासून करावी, असा संकेत त्यातूनच रूढ झाला.

उलट्या बाजूची चूकही तितकीच खरी आहे. काचपट्टीवर दोन-चार पुंजके दिसले, की ‘आकडा खोटा आहे’ असे म्हणून मोकळे होणे धोक्याचे. ज्याच्या अंगावर ठिपके आहेत, त्याच्या पट्टीवर थोडे पुंजके असले तरी कमतरता खरी असू शकते. पुंजके आहेत, एवढ्यावर विषय संपत नाही. पुंजके न होणाऱ्या नमुन्यात आकडा सामान्य आला, तरच तो मिटतो. शिवाय दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्र असू शकतात. आयटीपीच्या रुग्णात ईडीटीएची प्रतिपिंडेही असली, तर उपचाराने ७०,००० वर आलेला आकडा नळीत २०,००० दिसतो आणि आजार उलटला असे वाटून औषधाची मात्रा वाढवली जाते. अशा रुग्णाचे सगळे पुढचे मोजमाप सायट्रेटमध्ये किंवा रक्त काढल्यावर लगेच, आणि दर वेळी एकाच पद्धतीने करावे लागते. नाहीतर आधीचा आणि आताचा आकडा यांची तुलनाच होऊ शकत नाही.

महाराष्ट्रात पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ येते, तेव्हा हा प्रश्न जास्त टोचतो. डेंग्यूत प्लेटलेट्स खरोखर कमी होतात, म्हणून तापाच्या रुग्णाचा कमी आकडा कुणाला खटकत नाही आणि पट्टी पाहायचे राहून जाते. ताप उतरला, भूक परतली, डेंग्यूच्या सगळ्या खुणा मावळल्या आणि तरी आकडा आठवडाभर चाळीस हजारांवर अडून बसला, तर नळी तपासायला हवी. ताप नसताना काढलेले जुने अहवाल अशा वेळी फार उपयोगी पडतात.

छद्म कमतरता काही जणांत एखाद्या आजारपणापुरती येऊन जाते, तर काहींत वर्षानुवर्षे टिकते. तिच्यावर औषध नाही आणि लागतही नाही. अडचण एवढीच, की पुढच्या वेळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या लॅबमध्ये, अपघातानंतर किंवा बाळंतपणाच्या आधी तोच खोटा आकडा पुन्हा येतो आणि सगळा घोळ नव्याने सुरू होतो. म्हणून हे निदान एकदा झाले, की लॅबकडून ते अहवालावर लिहून घ्यावे, त्याची प्रत पाकिटात किंवा मोबाइलमध्ये ठेवावी आणि रक्त द्यायला बसण्याआधीच तंत्रज्ञाला सांगावे, की आपल्या प्लेटलेट्स ईडीटीएमध्ये चिकटतात, सायट्रेटची नळीही घ्या आणि आकडा लगेच मोजा.